शेवटच्या पावलांवरून एकूण हिशेब

१ ते १०० या आकड्यांची वर्गमुळं काढून त्यांची बेरीज केली, तर ती साधारण ६७१.४६ येते. तिला १०० × √१००, म्हणजे १०००ने भागलं की ०.६७१५ मिळतात. हेच १० पर्यंत केलं तर ०.७१०५, आणि १०,००० पर्यंत केलं तर ०.६६६७. आकडा खाली येत येत दोन तृतीयांशाजवळ थबकतोय असं दिसतं. पण दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. वर्गांच्या बेरजेला शाळेत शिकवलेलं सूत्र आहे. वर्गमुळांच्या बेरजेला तसं सोपं, नेमकं सूत्र नाही. मग खात्री कशी करायची?

इथे कामाला येतं ते स्टोल्झ–चेझारो प्रमेय. ऑस्ट्रियाचे ऑटो स्टोल्झ (१८४२–१९०५) आणि इटलीचे अर्नेस्तो चेझारो (१८५९–१९०६) यांच्या नावांनी ते ओळखलं जातं. त्याचं एक साधं रूप फ्रेंच गणिती कोशी यांच्या १८२१ सालच्या पाठ्यपुस्तकातही आहे.

प्रमेय सांगतं ते असं. दोन क्रमिका घ्या, एक अंशात आणि एक छेदात. छेदातली क्रमिका प्रत्येक पावलाला वाढली पाहिजे आणि तिच्या वाढीला कुठेच मर्यादा नसली पाहिजे. आता पूर्ण संख्यांचा भागाकार बाजूला ठेवा आणि फक्त ताज्या पावलात अंश किती वाढला, छेद किती वाढला, एवढंच बघा. या वाढींचं गुणोत्तर एखाद्या संख्येकडे जात असेल, तर मूळ गुणोत्तरही त्याच संख्येकडे जातं.

आपल्या उदाहरणात n व्या पावलाला अंशात फक्त √n ची भर पडते. छेद (n−1)√(n−1) वरून n√n वर जातो. म्हणून वाढींचं गुणोत्तर असं:

√n / ( n√n − (n−1)√(n−1) )

छेदातली वजाबाकी अडचणीची आहे. म्हणून वर-खाली n√n + (n−1)√(n−1) ने गुणायचं. मग खाली n³ − (n−1)³ उरतं, म्हणजेच 3n² − 3n + 1. वर √n गुणिले दोन जवळपास सारख्या पदांची बेरीज राहते. N मोठा झाला की ती 2n² च्या अगदी जवळ असते. भागाकार दोन तृतीयांशाकडे जातो, आणि प्रमेयामुळे मूळ गुणोत्तरही तिकडेच. शंभर वर्गमुळं मिळवण्याऐवजी एकाच पावलाचा विचार पुरला.

हे का चालतं, ते गाडीच्या अ‍ॅव्हरेजवरून कळतं. दर वेळी पेट्रोल भरताना मागच्या भरण्यापासूनचे किलोमीटर आणि लिटर तुम्ही लिहून ठेवता. गाडी घेतल्यापासूनचं एकूण अ‍ॅव्हरेज म्हणजे या टाकीगणिक अ‍ॅव्हरेजांची सरासरीच. फक्त ज्या वेळी जास्त लिटर जळले, त्या वेळेला वजन जास्त. समजा, काही काळानंतर प्रत्येक टाकीचं अ‍ॅव्हरेज ४९ ते ५१ च्या आतच राहिलं. सुरुवातीच्या टाक्या कितीही वाईट गेल्या असल्या, तरी त्यांचे किलोमीटर आणि लिटर आता ठरलेले आहेत. एकूण लिटर अमर्याद वाढत गेले की त्या जुन्या आकड्यांचा वाटा शून्याकडे जातो. एकूण अ‍ॅव्हरेज ४९ ते ५१ च्या पट्ट्याकडे ओढलं जातं. पट्टा हवा तितका अरुंद करा, युक्तिवाद तोच राहतो.

छेद अमर्याद वाढण्याची अट का, हेही यातून उघड होतं. छेद 1 − 1/n आणि अंश 6 − 1/n घ्या. दोन्हींची वाढ प्रत्येक पावलाला सारखीच, म्हणून वाढींचं गुणोत्तर कायम १. पण मूळ गुणोत्तर जातं ६ कडे. इथे छेद १ च्या पुढे जातच नाही, त्यामुळे अंशातले सुरुवातीचे जादा ५ कधीच बुजत नाहीत.

आणखी एक सापळा उलट दिशेचा आहे. मूळ गुणोत्तराला सीमा असली म्हणजे वाढींच्या गुणोत्तरालाही असेलच असं नाही. अंशात n + (−1)ⁿ आणि छेदात n घेतलं, तर गुणोत्तर १ कडे जातं. वाढी मात्र आळीपाळीने ३ आणि −१ येत राहतात, कुठेच स्थिरावत नाहीत. वाढींना सीमा सापडली नाही, तर 'मूळ गुणोत्तरालाही सीमा नाही' असा निष्कर्ष काढणं चूक ठरतं. अशा वेळी प्रमेय काहीच सांगत नाही.

पण त्याच प्रमेयाला थोडं वळवता येतं. एकेक पाऊल न घेता दोन-दोन पावलं एकदम घ्या. दर दोन पावलांना अंश २ ने वाढतो आणि छेदही २ नेच. सम पदांवर प्रमेय लावलं की १, विषम पदांवर लावलं की १. दोन्ही मिळून सगळी पदं झाली, म्हणून पूर्ण क्रमिकेची सीमाही १. म्हणून वाढी हेलकावे खाताना दिसल्या, तर त्या हेलकाव्याला ठरावीक फेरा आहे का ते आधी तपासावं, आणि असल्यास पाऊल त्या फेऱ्याएवढं लांब करावं.