ह्युरॉन सरोवराची स्मृती

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ह्युरॉन सरोवराची पाणीपातळी १८७५ ते १९७२ या ९८ वर्षांसाठी दरवर्षी नोंदलेली आहे. समुद्रसपाटीपासून सरासरी ५७९ फूट. पाणलोट अवाढव्य आणि पाणी बाहेर पडायला वाट मात्र सेंट क्लेअर नदीची, त्यामुळे एखाद्या वर्षी चढलेली पातळी पुढच्या वर्षी लगेच उतरत नाही. सरोवराची ही स्मृती आकड्यात मोजता येते.

प्रत्येक वर्षाच्या पातळीतून आधी सरासरी वजा करायची. उरलेल्या फरकाला आदल्या वर्षीच्या फरकाने गुणायचे, सगळे गुणाकार मिळवायचे आणि त्या बेरजेला फरकांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. हे झाले एक वर्षाच्या अंतराचे ऑटोकोरिलेशन. ह्युरॉनसाठी ते ०.८३ येते. सर्वांत साधे मॉडेल, म्हणजे एआर-वन, हाच आकडा उचलते. ते म्हणते की यंदाचा फरक म्हणजे गेल्या वर्षीच्या फरकाचा ०.८३ पट भाग, अधिक पावसापाण्याचा नवा, आधी न कळणारा धक्का.

१९७२ ची पातळी होती ५७९.९६ फूट, म्हणजे सरासरीपेक्षा ०.९६ ने वर. १९७३ साठी अंदाज ०.९६ × ०.८३, म्हणजे सुमारे ०.८० वर: ५७९.८० फूट. १९७४ साठी पुन्हा ०.८३ ने गुणायचे, कारण १९७३ ची खरी पातळी हाती नाही, तिचा अंदाजच आहे. उत्तर ५७९.६६. अंदाज असा सरासरीकडे ओसरत जातो. अनिश्चितता मात्र वाढते. एका वर्षाच्या धक्क्याचे प्रमाण विचलन सुमारे ०.७३ फूट आहे. दोन वर्षांनंतरच्या अंदाजात १९७४ चा धक्का पूर्ण असतो आणि १९७३ च्या धक्क्याचा ०.८३ पट भाग शिल्लक असतो. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की ०.९५ फूट येते. म्हणजे ९५ टक्के खात्रीचा पट्टा अंदाजाच्या दोन्ही बाजूंना १.९ फुटांच्या आसपास.

आता खरी परीक्षा. एआर-वन बरोबर असेल, तर दोन वर्षांच्या अंतराचे ऑटोकोरिलेशन ०.८३ चा वर्ग, म्हणजे ०.६९ यायला हवे. नोंदी सांगतात ०.६१. एवढा फरक योगायोग म्हणून सोडून द्यावा का? आदल्या वर्षाचा प्रभाव वजा करून दोन वर्षांपूर्वीच्या पातळीशी उरलेला संबंध मोजला, तर तो उणे ०.२७ भरतो. ९८ नोंदींत निव्वळ योगायोगाने साधारण ०.२० पर्यंतच जाता येते. म्हणून मला एआर-वन इथे थोडे अपुरे वाटते. सूर्यावरच्या डागांसाठी १९२७ मध्ये यूल यांनीही मागची दोन वर्षे धरली होती. ह्युरॉनसाठी तसे केले, तर १९७४ चा अंदाज ५७९.५६ येतो. एआर-वनपेक्षा फक्त एक दशांश फूट खाली, आणि पट्टा तर दोन्ही बाजूंना जवळपास दोन फुटांचा.