उचलीच्या वहीची वीस वर्षे

२००४ साली अंबडच्या एका कारखान्यात मी पगारपत्रकाच्या टेबलावर बसलो, तेव्हा ड्रॉवरमध्ये लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. वर शाईने लिहिलेलं होतं, ‘उचल’. आत तारीख, नाव, रक्कम आणि सही. कारण लिहायला रकानाच नव्हता, कारण ते सगळ्यांना ठाऊक असायचं. जूनमध्ये शाळेची फी, भाद्रपदात गणपती, उरलेल्या वर्षात दवाखाना. मालक दुपारच्या चहाला शॉपफ्लोअरवर आले की माणसं हळूच बाजूला घेऊन बोलायची. ज्याला धीर झाला त्याला पैसे मिळाले, जो लाजला तो सावकाराकडे गेला. त्या काळचं धोरण एवढंच.

दोन वर्षांत ती वही फुगली. एकाच माणसाच्या नावावर पाच-पाच उचली आणि कापायचं किती ते दर महिन्याला तोंडी ठरायचं. म्हणून २००६ मध्ये आम्ही पहिला नियम केला आणि आजही मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. उचल वेगळी, कर्ज वेगळं. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत माणसाने अर्ध्या महिन्याचा पगार कमावलेला असतो. त्यातल्या निम्म्यापर्यंत उचल द्यायची आणि त्याच महिन्याच्या पगारातून पूर्ण कापायची. ही त्याचीच कमाई, जरा आधी हातात पडलेली. त्यावर व्याज नाही आणि मालकांची सहीही नाही. कर्ज मात्र अजून न कमावलेल्या पगारावर दिलेलं असतं. त्यासाठी नोकरीत कायम झालेला असावा, दोन वर्षं पुरी झालेली असावीत, आधीचं कर्ज फिटलेलं असावं आणि अर्ज लेखी असावा. चहाच्या वेळची कुजबुज त्यानंतर थांबली.

व्याजाचा घोळ पुढे निघाला. फुकटचं कर्ज मागणाऱ्यांची रांग संपेना, तेव्हा ‘आठ टक्के’ लावायचे ठरले. पण आठ टक्के कशावर, हे कोणी लिहिलंच नव्हतं. एक लाख वीस हजारांचं कर्ज, पाच हजारांचे चोवीस हप्ते. आमच्या लेखनिकाने मूळ रकमेवर दोन वर्षांचं व्याज काढलं, १९,२०० रुपये. एका फिटरने कागदावर हिशेब मांडून आणला. दर महिन्याला मुद्दल पाच हजारांनी उतरतं, तर व्याज उरलेल्या रकमेवरच हवं. ते बरोबर दहा हजार भरत होतं. दर तोच, पण माणसाच्या खिशातून जवळजवळ दुप्पट जात होतं. त्या दिवसापासून धोरणात ‘घटत्या शिलकेवर’ हे दोन शब्द आले.

अधिकाऱ्यांच्या कर्जाला आयकराची वेगळी कात्री होती. एकूण कर्ज वीस हजारांवर गेलं की स्टेट बँकेचा एक एप्रिलचा दर आणि आपण घेतलेला दर यांतला फरक महिनाअखेरच्या शिलकेवर काढून त्यांच्या पगारात धरावा लागे. ठरावीक आजारांच्या उपचारासाठी घेतलेल्या कर्जाला त्यातून सूट होती. फॉर्म १६ हातात पडल्यावर फुकटच्या कर्जावरही कर लागलेला पाहून पुष्कळ साहेब माझ्याकडे चिडून आले.

एवढं करून आम्हाला वाटलं, धोरण पुरं झालं. ते अर्धंच होतं हे २०१९ मध्ये कळलं.

एका ऑपरेटरने राजीनामा दिला. पगार २१ हजार, त्यात मूळ आणि महागाई भत्ता मिळून १३ हजार. नोकरी सात वर्षं. कर्ज वर सांगितलं तेवढंच, एक लाख वीस हजार. नऊ हप्ते गेलेले, म्हणजे मुद्दल ७५ हजार बाकी. फुल अँड फायनलचा कागद मीच केला. बारा दिवसांचा पगार ८,४००. शिल्लक चौदा दिवसांच्या रजेचे ९,८००. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, सव्वीसने भागून: ७,५०० गुणिले सात, ५२,५००. एकूण ७०,७०० रुपये. समोर ७५ हजारांचं येणं. वजाबाकी करून मी खाली लिहिलं, ‘कर्मचाऱ्याकडून येणे ४,३००’. सात वर्षं राबलेल्या माणसाच्या हाती मी उलट बिल ठेवलं, आणि मला त्यात काही खटकलं नाही. कर्जाच्या अर्जावर त्याची सही होती ना, ‘माझ्या सर्व येण्यांमधून वसूल करावे’ म्हणून.

त्याने ग्रॅच्युइटीच्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि आमचा कागद तिथे टिकला नाही. ग्रॅच्युइटीला कायद्याचं कवच आहे. ती जप्त होत नाही. नुकसान किंवा गैरवर्तनासाठी नोकरीतून काढून टाकलेलं असेल तरच ती रोखता येते. उधारी हे त्यातलं कारण नाही, आणि माणसाने आधी सही करून हक्क सोडला तरी तो सुटत नाही. पीएफचंही तसंच. आम्ही ५२,५०० रुपये दिले, वर दहा टक्के सरळ व्याजाने अकरा महिन्यांचे साधारण ४,८००.

राहिले पगार आणि रजेचे १८,२००. तिथे वेतन प्रदान कायद्याची मर्यादा आड आली. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापर्यंतच. पतपेढीचा हप्ता असेल तर पाऊणपर्यंत जाता येई, पण तो हप्ता पतपेढीचा, आमचा नव्हे. म्हणजे ७५ हजारांपैकी फार तर नऊ हजार शेवटच्या पगारातून निघू शकत होते, तेही पीएफ वगैरे धरून. बाकीचे ६६ हजार ही साधी दिवाणी उधारी.

त्या रात्री मी लाल वही पुन्हा उघडली. पंधरा वर्षं आम्ही कर्जाची मर्यादा ठरवताना एकच विचारत होतो, याला गरज किती? विचारायला हवं होतं, हा उद्या गेला तर आपल्या हाती कायद्याने काय उरतं?

नवं धोरण या प्रश्नावरून उलटं मोजत आलं. कर्ज दोन महिन्यांच्या पगाराएवढं, हप्ते बाराच्या वर नाहीत. त्याहून मोठी गरज पतपेढीकडे, कारण सहकार कायद्याने तिचा हप्ता पगारातून कापून देणं मालकावर बंधनकारक आहे आणि तिच्याकडे सभासदाचे शेअर व ठेवीही असतात. कर्ज देतानाच वचनचिठ्ठी घ्यायची आणि त्यात नोकरी सुटली तरी हप्त्याची तारीख बदलत नाही हे लिहायचं. ग्रॅच्युइटी आधी पूर्ण त्याच्या खात्यात जमा करायची. मग समोर बसवून विचारायचं, बाकी कशी देणार? या पद्धतीने गेलेल्यांपैकी बहुतेकांनी आठवड्याभरात चेक आणून दिला. पैसा हातात पडल्यावर माणूस उधारीचं बोलणं शांतपणे करतो.

२०२४ अखेर मी निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, वेतन संहिता लागू झाली. जुना कायदा शेवटी २४ हजारांपर्यंतच्या पगारालाच लागायचा. आता पगाराची अट गेली, त्यामुळे साहेबांच्या कपातीलाही तीच निम्म्याची रेघ. शिवाय राजीनाम्यानंतर वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. पूर्वी नो ड्यूजच्या सह्या गोळा करता करता आम्ही महिना काढत होतो आणि तेवढ्यात कर्जाचा घोळ निस्तरत होतो. ती सवड गेली. माझ्या जागी आलेल्या मुलीने परवा फोनवर विचारलं, “काका, दोन दिवसांत बाकी कशी काढायची?” मी म्हटलं, कर्ज देशील त्याच दिवशी काढून ठेव. अर्जाच्या मागच्या बाजूला तिने आता एक रकाना छापून घेतला आहे: ‘आज नोकरी सुटल्यास कापता येणारी रक्कम’. लाल वहीत तो कधीच नव्हता.