पैसे कटले, एसएमएस आला, पण तिकीट कुठे अडकलं?

बसचं तिकीट बुक करताना तुम्ही ‘पे’ दाबता, दोन सेकंदांत ‘बुकिंग झालं’ असं दिसतं. पीडीएफ तिकीट मात्र लगेच येत नाही, थोड्या वेळाने ईमेलवर येतं. ही मधली ‘थोडी वेळ’ नक्की कुठे जाते, ते आज सांगतो. आणि एकदा आमच्याकडे गणपतीच्या गर्दीत काही लोकांची तिकिटं त्या मधल्या जागेत चार दिवस पडून राहिली होती, तोही किस्सा सांगतो, कारण हा विषय मला खरा कळला तो त्या आठवड्यात.

आधी चित्र बघा. ऑफिसात व्हाइटबोर्डवर असतं त्याची ही सोपी आवृत्ती:

```
                      ┌→ एसएमएस रांग → एसएमएस वर्कर
बुकिंग सेवा → टॉपिक ──┼→ तिकीट रांग  → तिकीट वर्कर
                      └→ हिशेब रांग   → हिशेब वर्कर

तिकीट रांग ──(5 वेळा फसलं)──→ डेड लेटर क्यू
```

डावीकडची बुकिंग सेवा म्हणजे प्रोड्यूसर. पैसे मिळाले की ती एवढंच जाहीर करते की ‘BK48213 हे बुकिंग झालं’. पुढे कोण काय करणार हे तिला माहीत नसतं आणि ती थांबूनही राहत नाही. म्हणून तुमची स्क्रीन दोन सेकंदांत मोकळी होते. टॉपिक त्या घोषणेची एकेक प्रत प्रत्येक रांगेत टाकतो. उजवीकडचे वर्कर म्हणजे कन्झ्युमर. प्रत्येक जण आपापल्या रांगेतून एकेक निरोप उचलतो आणि आपलं काम करतो.

रांगा वेगवेगळ्या असण्याचा फायदा उघड आहे. पीडीएफ बनवणारा वर्कर झोपला तरी एसएमएस जातो. तोटा आम्हाला नंतर कळला: एसएमएस गेला म्हणजे प्रवासी निर्धास्त होतो आणि तक्रारच करत नाही.

आम्ही वापरत होतो अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस ही रांग. तिची एक गोष्ट नवीन माणसाला हमखास चकवते. वर्करने निरोप उचलला म्हणजे तो रांगेतून निघून जात नाही, फक्त काही काळ इतरांना दिसेनासा होतो. या काळाला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात. तुम्ही काही बदललं नाही तर तो ३० सेकंद असतो, आम्ही ६० ठेवला होता. काम नीट झालं की वर्कर स्वतः रांगेला सांगतो, ‘हा निरोप आता पुसून टाक.’ तसं सांगितलंच नाही, म्हणजे वर्कर कोसळला किंवा कोडमध्ये एरर आली, तर ६० सेकंदांनी तोच निरोप पुन्हा दिसायला लागतो आणि दुसरा कोणी तरी उचलतो. झाला रिट्राय. त्यासाठी वेगळं कोड लिहावं लागत नाही, पुसायचं राहिलं की रिट्राय आपोआप होतो.

पण एखादा निरोपच असा असेल की तो कितीही वेळा उचलला तरी फसणार, तर? तो दर मिनिटाला परत येऊन वर्करचा वेळ खात बसेल. त्यासाठी रांगेवर एक नियम लावतात:

```json
{
  "deadLetterTargetArn": "arn:aws:sqs:ap-south-1:123456789012:ticket-dlq",
  "maxReceiveCount": 5
}
```

अर्थ सरळ आहे. पाच वेळा उचलूनही पुसला गेला नाही, तर पुढच्या खेपेला तो वर्करला देऊ नका, `ticket-dlq` नावाच्या बाजूच्या रांगेत टाका. हीच डेड लेटर क्यू. पत्ता न सापडलेली पत्रं पोस्टात बाजूला ठेवतात, त्यावरून हे नाव पडलं. (मधलं `ap-south-1` म्हणजे अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र.)

आता किस्सा. एका शुक्रवारी रात्री आम्ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी बदलली. शनिवार, रविवार सगळं शांत. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास सपोर्टच्या मुलीने विचारलं, “दादा, एका काकूंची आज रात्रीची कणकवलीची गाडी आहे, त्यांना अजून तिकीट नाही आलं. एसएमएस आलाय म्हणतात.” मी डेड लेटर क्यू उघडली. त्यात २३ निरोप.

काकूंचा निरोप त्यात सापडला. त्यांनी रविवारी रात्री ९:१४ ला बुकिंग केलं होतं आणि नावाच्या रकान्यात मराठीत ‘सुनंदा’ लिहिलं होतं. लॉगमध्ये ही ओळ होती:

```
WinAnsi cannot encode "स" (0x0938)
```

नवी लायब्ररी वेगळा फॉन्ट दिला नाही तर पीडीएफचा ठरलेला इंग्रजी फॉन्ट वापरत होती. त्यात ‘स’ नाहीच. तिने चौकोन छापला असता तरी चाललं असतं, पण ती थेट एरर देऊन थांबत होती. म्हणजे ९:१४ ला फसलं, ९:१५ ला फसलं, असं ९:१८ पर्यंत पाच वेळा, आणि मग निरोप डेड लेटर क्यूमध्ये. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्या हजारो लोकांना तिकिटं व्यवस्थित मिळत होती, त्यामुळे ग्राफवर कुठेही खड्डा दिसला नाही. मराठीत नाव लिहिणारेच तेवढे अडकले. याचं वाईट वाटलं, कारण आमच्या टीममध्ये निम्मे मराठी आणि टेस्टिंगला प्रत्येकाने टाइप केलेलं नाव ‘Test Test’.

पण मग अलार्म का वाजला नाही? अलार्म लावलेला होता. मीच लावला होता, आणि तपासलाही होता. त्या क्यूमध्ये हाताने एक निरोप टाकला, लगेच फोन वाजला, मी खूश. चूक इथेच होती. अलार्म मी `NumberOfMessagesSent` या आकड्यावर लावला होता. नावावरून वाटतं, क्यूमध्ये किती निरोप आले ते हा आकडा सांगत असणार. पण डेड लेटर क्यूमध्ये एसक्यूएस स्वतः हलवते ते निरोप यात मोजलेच जात नाहीत. हाताने टाकलेले तेवढे मोजले जातात. अ‍ॅमेझॉनच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. म्हणजे माझी चाचणी पास झाली ती नेमकी अशा रस्त्याने, ज्या रस्त्याने खरा निरोप कधी येतच नाही.

आणि याहून वाईट गोष्ट त्याच संध्याकाळी लक्षात आली. २३ पैकी सगळ्यात जुना निरोप रविवारी संध्याकाळचा होता. शुक्रवार रात्र आणि शनिवारचे कुठे गेले? रांगेत निरोप किती दिवस ठेवायचा याला मर्यादा असते. बदलली नाही तर ४ दिवस, वाढवली तर जास्तीत जास्त १४. आमच्या दोन्ही रांगा ४ दिवसांवरच होत्या. शिवाय साध्या प्रकारच्या रांगेत निरोप डेड लेटर क्यूमध्ये गेला तरी घड्याळ नव्याने सुरू होत नाही, मूळ रांगेत तो आला त्या क्षणापासूनच मोजणी चालू राहते. म्हणजे जुने निरोप कोणालाही न सांगता पुसले गेले होते, आणि सुनंदाकाकूंच्या निरोपाला जेमतेम सव्वातीन तास उरले होते.

आधी काकूंचं तिकीट हाताने बनवून पाठवलं. मग कोडमध्ये देवनागरी फॉन्ट जोडला. तो चढवून झाल्यावर बाकीचे निरोप मूळ रांगेत परत ढकलायचे होते. याला रिड्राइव्ह म्हणतात. २०२१ च्या अखेरीपासून एसक्यूएसच्या स्क्रीनवरच त्याचं बटण आहे. पण बटण दाबण्याआधी आमच्या सीनियरने थांबवलं. “एखाद्याला दोनदा तिकीट गेलं तर?”

प्रश्न बरोबर होता. समजा वर्करने ईमेल पाठवला आणि ‘पुसून टाक’ सांगायच्या आधीच तो कोसळला. रांगेच्या दृष्टीने काम झालंच नाही, ती तोच निरोप पुन्हा देणार. या रांगेचं वचन ‘निदान एकदा तरी पोचवीन’ एवढंच आहे, ‘एकदाच पोचवीन’ असं नाही. म्हणून दुसऱ्यांदा आलेला निरोप ओळखणं हे वर्करचं काम. आम्ही तिकिटांच्या टेबलमध्ये बुकिंग नंबर युनिक ठेवला होता:

```sql
INSERT INTO tickets (booking_id, status)
VALUES ('BK48213', 'new')
ON CONFLICT (booking_id) DO NOTHING;
```

यात एक खाच आहे. ‘ओळ आधीच आहे, म्हणजे काम झालंय’ असं धरलं तर घोटाळा होतो. आमच्या २३ जणांची ओळ टेबलमध्ये होतीच, पीडीएफ बनवताना फसलं होतं ते त्यानंतर. म्हणून ओळ आहे का ते बघायचं नाही, `status` मध्ये `sent` आहे का ते बघायचं. `sent` असेल तरच सोडून द्यायचं. तरी ईमेल गेला आणि `sent` लिहायच्या आत वर्कर कोसळला, तर एक जादा ईमेल जाणारच. दोन तिकिटांवर नंबर एकच असतो, त्यामुळे ते आम्ही चालवून घेतो. पैसे परत करणाऱ्या वर्करला ही सूट नाही.

हे तपासलं, बटण दाबलं, आणि उरलेली २२ तिकिटं दोन मिनिटांत गेली.

पुसले गेलेले निरोप रांगेतून परत आणता येत नाहीत. ते शोधायला बुकिंगच्या डेटाबेसकडे जावं लागलं: पैसे आलेत पण तिकिटाचं `status` `sent` नाही, अशी बुकिंग काढली. १८ निघाली. त्यातल्या दोघांचा प्रवास होऊनही गेला होता. एकाला कंडक्टरने एसएमएसवर बसू दिलं. दुसऱ्या कुटुंबाने डेपोत पुन्हा पैसे भरून तिकिटं काढली होती. त्यांचे पैसे परत केले, पण फोनवर त्यांना काय झालं ते समजावताना माझी चांगलीच तारांबळ उडाली. ‘फॉन्टमध्ये स नव्हता’ हे कोणाला सांगणार?

नंतर आणखी एक बदल केला. आमचे रिट्राय दर मिनिटाला होते. म्हणजे ईमेल पाठवणारा सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला, तर पाच मिनिटांतच धडधाकट निरोपही डेड लेटर क्यूमध्ये जाणार. म्हणून आता फसलेला निरोप वर्कर आधी १ मिनिट लपवतो, मग २, मग ४, मग ८, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडे सेकंद इकडेतिकडे करतो, म्हणजे अडकलेले सगळे एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. ‘स’ छापता न येण्यासारख्या चुकीला वाट बघून काही फरक पडत नाही. ती पाच वेळा फसून बाजूलाच जाणार, फक्त जरा उशिरा.

डेड लेटर क्यूची मुदत आता १४ दिवस आहे. अलार्म `ApproximateNumberOfMessagesVisible` वर आहे, म्हणजे तिथे आत्ता किती निरोप पडलेत त्या आकड्यावर, आणि शून्याच्या वर गेला की फोन वाजतो. तो तपासायला मी आता डेड लेटर क्यूमध्ये काही टाकत नाही. टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम बिघडवलेलं बुकिंग पुढच्या दाराने, म्हणजे बुकिंग सेवेतूनच करतो आणि फोन वाजायची वाट बघतो. आणि प्रत्येक रिलीजच्या आधी ज्ञानेश्वर नावाच्या एका काल्पनिक प्रवाशाचं कणकवलीचं तिकीट निघतं. ‘ज्ञ’ आणि ‘श्व’ दोन्ही नीट छापले गेले तरच रिलीज पुढे जातो.