फाट्यावर गाडी कधी?

पुण्यातली नोकरी सोडून ती आजऱ्याला परतली, एसटीच्या वेळा दाखवणारं ॲप करायला. स्टँडवरच्या आजींनी लगेच हटकलं, "बोर्डावर गाडी सुटायची वेळ हाय. आमच्या फाट्यावर कधी येती ते सांग की!"

मधल्या थांब्यांच्या वेळा तिच्याकडे नव्हत्याच. मग गाडीत बसून तिने त्या टिपल्या.

खरी अडचण आंबोलीच्या बाजूला. रेंज गेली की जीपीएस चालू असूनही गाडीचा ठावठिकाणा सर्व्हरपर्यंत पोचत नाही. पडद्यावर ती जुन्याच वळणावर उभी दिसते आणि लोक ॲपला खोटं ठरवतात. म्हणून आता ॲप 'शेवटची नोंद : गवसे, ८.१०' एवढंच दाखवतं. मला हेच प्रामाणिक वाटतं. पुढचा हिशेब रोजच्या प्रवाशांना तोंडपाठ असतो.