मोठं नाणं आधी दिलं की नाणी कमीच लागतात?

सुट्टे मोजताना हात आपोआप सर्वात मोठ्या नाण्याकडे जातो. बसेल तेवढं मोठं नाणं आधी घ्यायचं, उरलेल्या रकमेसाठी पुन्हा तेच करायचं. संगणकशास्त्रात या रीतीला ‘ग्रीडी’ पद्धत म्हणतात. तिच्याभोवती काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : या पद्धतीनं कोणत्याही नाण्यांत कमीत कमी नाणी लागतात.

वस्तुस्थिती : आजच्या 1, 2, 5, 10, 20 रुपयांच्या नाण्यांत ती अचूक चालते, पण ते या आकड्यांच्या रचनेमुळे. भारतातच याला अपवाद होता. 25 पैशांचं नाणं 1957 मध्ये आलं, 20 पैशांचं 1968 मध्ये, आणि पुढे दोन्ही एकाच वेळी चलनात होती.

आता 5, 10, 20, 25 आणि 50 पैशांच्या नाण्यांतून 40 पैसे द्यायचे आहेत. ग्रीडी पद्धत आधी 25 उचलते, मग 10, मग 5. झाली तीन नाणी. प्रत्यक्षात 20 ची दोन नाणी पुरतात! 90 पैशांतही तेच होतं: 50, 25, 10, 5 अशी चार नाणी जातात, तर 50, 20, 20 अशा तिनांत काम होतं. 5 च्या पटीतल्या, रुपयाच्या आतल्या बाकी सगळ्या रकमांना उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक सहज ध्यानात येत नाही.

गैरसमज : नाण्यांचे प्रकार वाढवले की ही अडचण सुटते.

वस्तुस्थिती : वरच्या संचातून 25 चं नाणं काढा, ग्रीडी अचूक. ते ठेवून 20 चं काढा, तरी अचूक. दोन्ही एकत्र आली की बिघडतं. 25 उचलल्यावर 15 उरतात आणि त्यांना 20 चं नाणं चालत नाही. पहिल्याच निवडीनं दोन विसांची वाट बंद होते.

गैरसमज : उत्तर असेल तर ग्रीडीला ते सापडतंच, फार तर एखादं नाणं जास्त लागेल.

वस्तुस्थिती : एटीएममध्ये फक्त 500 आणि 200 च्या नोटा आहेत आणि 600 रुपये हवे आहेत, असं समजा. 500 ची नोट काढल्यावर उरलेले 100 देताच येत नाहीत. 200 च्या तीन नोटांनी मात्र रक्कम पुरी होते.

गैरसमज : एखादा संच सुरक्षित आहे का, हे कळायला रकमा अमर्याद तपासाव्या लागतात.

वस्तुस्थिती : संचात एककाचं नाणं असेल, तर चुकणारी सर्वात लहान रक्कम नेहमी सर्वात मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेहून कमी असते. डेक्स्टर कोझेन आणि श्मुएल झॅक्स यांनी 1994 च्या शोधनिबंधात ही मर्यादा सिद्ध केली. आपल्या पैशांच्या संचात 5 पैसे हेच एकक धरलं, तर 75 च्या आतल्या रकमा तपासणं पुरे. 40 तिथेच सापडतात.

खात्रीचं उत्तर हवं असेल तर लहान रकमांपासून तक्ता भरत जायचं. 40 साठी शेवटचं नाणं 5, 10, 20 किंवा 25 असू शकतं. म्हणजे आधी 35, 30, 20 किंवा 15 जमलेले असायला हवेत. त्यांना तक्त्यात अनुक्रमे 2, 2, 1, 2 नाणी लागलेली दिसतात. सर्वात लहान 1, त्यात शेवटचं नाणं मिळवलं की 2.