फेरफाराची कचेरी, महापुराची कचेरी

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या कुठल्याही गावचा तलाठी घ्या. फेब्रुवारीत तो वारस नोंदी घालत असतो आणि ऑगस्टमध्ये गोठ्यातली जनावरे उंचावर हलवायला सांगत वस्तीतून फिरत असतो. हुद्दा तोच, वरचे साहेबही तेच, तहसील कार्यालयही तेच. तरीही ही दोन कामे इतकी वेगळी आहेत की एका कामासाठी चोख असलेली कचेरी दुसऱ्यात हमखास अडखळते. खात्याची रचना कशी असावी, या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, हे समजून घ्यायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

आधी फेरफार पाहू. वडील वारले, मागे तीन भाऊ आणि दोन बहिणी. अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसांबाबतचे शपथपत्र तलाठ्याकडे येते. तो गावात चौकशी करतो आणि गाव नमुना ६-क म्हणजे वारस रजिस्टरमध्ये नोंद घेतो. मग ही नोंद नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत जाते. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे ती चावडीवर लावायची, ज्यांचा हितसंबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये जाते आणि त्यावर सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यावरची नावे बदलतात.

ही कूर्मगती पाहून लोक वैतागतात. काही ठिकाणी मुद्दाम अडवणूक होते, हेही खरे. पण त्या पंधरा दिवसांचा उपयोग कोणाला होतो ते पाहा. भावांनी अर्जात बहिणींची नावे गाळली असतील, तर सासरी राहणाऱ्या बहिणीला ते कळण्याची संधी त्या नोटिशीतूनच मिळते. नोंद घालणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, हे बंधनही तिच्याच रक्षणासाठी आहे. इथे वेगाचा फायदा थोडा आहे आणि चुकीची किंमत मोठी, कारण एकदा चुकलेली नोंद दुरुस्त करायला प्रांताकडे अपील आणि पुढे कदाचित दिवाणी दावा करावा लागतो. शिवाय काम ओळखीचे असते. खरेदी, वारस, वाटणी, बोजा अशा मोजक्या प्रकारांत बहुतेक प्रकरणे बसतात, म्हणून नियम आधी लिहून ठेवता येतो.

टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या, विशेषतः स्कॉटलंडमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या पाहून १९६१ साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी संघटनांचे दोन नमुने मांडले. ठरलेली उतरंड, लेखी नियम, प्रत्येकाची आखीव जबाबदारी हा यांत्रिक नमुना. ज्याला जे कळते त्याने ते करायचे, माहिती आडवीही फिरू द्यायची, कामानुसार भूमिका बदलायच्या हा जैविक नमुना. यांत्रिक नमुना मागासलेला आणि जैविक पुढारलेला, असे ते म्हणत नव्हते. बाहेरची परिस्थिती स्थिर असेल तर पहिला चांगला चालतो, सतत बदलत असेल तर दुसरा, एवढेच त्यांचे म्हणणे. यालाच परिस्थितीसापेक्ष विचार म्हणतात. या कसोटीवर फेरफाराची कचेरी यांत्रिक असणे योग्यच ठरते.

आता ऑगस्ट. सांगलीत पाण्याची उंची आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ते आकाशातून थेट सांगलीवर पडले नव्हते. महाबळेश्वर-कोयना पट्ट्यातला पाऊस, १०५ टीएमसीच्या कोयना धरणातून सुटणारा विसर्ग, कऱ्हाडला कोयना आणि कृष्णेचा संगम, खाली हरिपूरला येऊन मिळणारी वारणा, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा आणि त्याहून खाली कर्नाटकातले अलमट्टी, या सगळ्यांचा तो एकत्र परिणाम. कोयनेचा दरवाजा उचलल्यावर ते पाणी सांगलीत पोचायला बरेच तास लागतात आणि तेवढेच तास जिल्हा प्रशासनाच्या हातात असतात.

प्रणाली-दृष्टी उपयोगी पडते ती इथे. कुठलीही संघटना बाहेरून काहीतरी घेते, त्यावर काम करते, बाहेर देते आणि त्याचा परिणाम पुन्हा तिच्याकडे परत येतो, म्हणून तिला तिच्या परिसरापासून तोडून पाहू नये, असे ही दृष्टी सांगते. वाक्य सोपे आहे, पण सरकारी खात्याला ते जड जाते, कारण खात्याची हद्द कागदावर ठरलेली असते. कोयना सातारा जिल्ह्यात आहे आणि जलसंपदा खात्याकडे आहे. पावसाचा अंदाज हवामान विभागाचा, अलमट्टी दुसऱ्या राज्याचे, रस्ते बांधकाम खात्याचे, शहरातली छावणी महापालिकेची आणि गावातली आरोग्य पथके जिल्हा परिषदेची. पूर मात्र सगळ्यांचा मिळून एकच. सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्याला ज्या गोष्टीचे उत्तर द्यावे लागते, तिची बहुतेक कारणे त्याच्या हुकुमाबाहेर असतात.

धरणाचेच घ्या. पावसाळा संपताना ते भरलेले असले पाहिजे, कारण पुढचे वर्षभर वीज आणि सिंचन त्यावरच आहे. पुरासाठी मात्र ऑगस्टमध्ये त्यात मोकळी जागा हवी. दोन्ही उद्दिष्टे रास्त आहेत आणि एकमेकांच्या विरुद्ध आहेत. धरणावरचा अभियंता फक्त आपल्या साठ्याकडे पाहून निर्णय घेईल तर तो त्याच्या जागी बरोबर असेल, आणि तरीही सांगलीचे सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर पाण्याखाली जाऊ शकेल. प्रत्येक भाग आपापले काम नीट करत असताना संपूर्ण व्यवस्था चुकते, ते असे.

पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९६७ मध्ये नेमकी हीच अडचण मांडली. परिसर जितका वेगवेगळ्या प्रकारचा, तितके संघटनेतले विभाग एकमेकांपासून वेगळे व्हायला हवेत; पण ते जितके वेगळे होतील तितकी त्यांना जोडणारी सोय भक्कम लागते. नुसते वेगळेपण ठेवले तर खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. सगळ्यांना एकाच साच्यात कोंबले तर हवामान विभागाची शास्त्रीय सावधगिरी आणि पोलिसांची हुकुमाची शिस्त, दोन्ही बिघडतात.

आपल्याकडे ही जोडणी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने केली आहे. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. आपत्ती आली की कलम ३४ खाली तो इतर खात्यांची साधने मागू शकतो आणि वाहतूक रोखू शकतो. कलम ५० खाली निविदा न काढता तातडीची खरेदी करता येते. हे मोठे पाऊल आहे, कारण एरवी ज्या नियमांमुळे कचेरी विश्वासार्ह असते, तेच नियम ठरावीक काळापुरते बाजूला ठेवायची परवानगी कायदाच देतो. फेरफाराची कचेरी महापुराची कचेरी होते ती या बदलामुळे.

पण वरचे अधिकार मोकळे केल्याने काम संपत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक चढले होते. पाणी चढत असताना कोणी कोणाला मागे थांब म्हणायचे? अशा वेळी निर्णय गावातच होतात, मुख्यालयातून होत नाहीत. मग त्या निर्णयाला लागणारी साधने, म्हणजे पुरेशा बोटी, लाइफ जॅकेट, बोट चालवणारी शिकलेली माणसे आणि पाणी येण्याआधीच हललेली कुटुंबे, ही गावातच असायला हवीत. विकेंद्रीकरण म्हणून नुसती जबाबदारी खाली ढकलली की तिला जैविक रचना म्हणता येत नाही. ती खालच्या माणसाला एकटे पाडते.

पाणी ओसरल्यावर तिसराच प्रकार सुरू होतो. पिकांचे पंचनामे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तीन खात्यांचे तिघे मिळून शेतावर जातात आणि नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर शेतकरी मदतीला पात्र ठरतो. इथे घाई आहे, कारण रब्बीची पेरणी थांबत नाही. आणि पैसा वाटायचा असल्याने संशयही आहे. म्हणून या कामाला फेरफाराची उतरंड पुरत नाही आणि बचावकार्याची मोकळीकही चालत नाही. तिघांनी एकत्र सही करायची, ही बारीक युक्ती आहे. पीक कृषी सहायकाला कळते, जमिनीची मालकी तलाठ्याला, गाव ग्रामसेवकाला, आणि कोणाही एकाच्या शब्दावर पैसे निघत नाहीत. वरच्या साहेबाने करायची तपासणी बांधावरच उरकते.

रचना कामाला बसत नाही हे ओळखायचे कसे? जे गॅलब्रेथ यांनी १९७० च्या दशकात सांगितलेली खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते. नियमात न बसणारी प्रकरणे उतरंडीत वर जातात. ती थोडी असतील तोवर वरचा अधिकारी निभावतो. ती वाढली की त्याचे टेबल तुंबते आणि खालचा माणूस उत्तराची वाट पाहत बसतो. आपल्या कचेऱ्यांत हे दोन ठिकाणी दिसते. एखाद्या खात्यात कार्योत्तर मंजुरीचे प्रस्ताव ढिगाने येत असतील, तर काम नियमांच्या पुढे धावते आहे आणि त्या कामापुरते अधिकार खाली द्यायला हवेत. उलट, प्रांताकडच्या अपिलांत तलाठी-मंडळ पातळीवरच्या नोंदी वारंवार रद्द होत असतील, तर तिथे तपासणी सैल झाली आहे आणि वेग वाढवण्याच्या नादात कुणाचा तरी हक्क बुडतो आहे.

या विचाराला एक मर्यादा आहे. खासगी कंपनी परिस्थिती पाहून रचना बदलू शकते. सरकारी खात्याला कायदा, सेवानियम, आकृतिबंध आणि लेखापरीक्षण यांच्या आत राहावे लागते, आणि ते बंधन असलेच पाहिजे, कारण त्याच्या हातात नागरिकांची जमीन आणि पैसा असतो. 'आमची परिस्थिती वेगळी' हे म्हणणे मनमानीचे निमित्तही होऊ शकते. निविदेतून सूट पुराच्या आठवड्यात योग्य असते. तीच सूट डिसेंबरपर्यंत ओढली तर ती पुरासाठी उरत नाही. म्हणून तातडीच्या अधिकारांबरोबर ते कधी संपतात, कोणाच्या आदेशाने संपतात आणि त्या काळातला खर्च कोण तपासतो, हेही पूरपूर्व बैठकीत मे महिन्यातच लिहून ठेवावे लागते. बोटी कुठल्या गावात ठेवायच्या आणि कोयनेचा फोन आल्यावर कोणत्या फुटाला कोणती वस्ती हलवायची, याची यादी त्याच कागदावर असावी, आणि ती तलाठ्याकडेही असावी.