‘दर जास्त वाटतो’ या निरोपाला उत्तर

मॉड्युलर किचनचा अंदाज व्हॉट्सॲपवर पाठवला की पुष्कळदा तासाभरात उलट निरोप येतो, ‘दर जास्त वाटतो. किती कमी होईल?’ तोवर मापं घेतलेली नसतात, प्लायचा नमुना ग्राहकाने हातात धरलेला नसतो. दोन लाख चाळीस हजारांत काय काय येतं हे त्याला ठाऊक नसतं, त्याच्यासमोर फक्त आकडा असतो. अशा वेळी ‘वीस हजार कमी करतो’ असं लिहून टाकलं, तर पहिल्या आकड्यात तेवढी हवा होती असाच अर्थ निघतो. शिवाय ऑर्डर देताना खरी घासाघीस होते, ती मग दोन वीसपासून सुरू होते.

म्हणून आधी आकडा कशाच्या तुलनेत जास्त वाटतो, ते विचारावं. उत्तर त्याच दिवशी जावं आणि चार ओळींत आटोपावं. लांबलचक खुलासा बचावासारखा वाचला जातो. उदाहरणार्थ:

‘ताई, आकडा मोठा वाटणं साहजिक आहे. दुसरं कोटेशन आलंय, की बजेट ठरलेलं आहे? कोटेशन असेल तर पाठवा, दोन्हींत काय धरलंय ते ओळीने सांगतो. बजेट असेल तर त्यात काय बसेल ते बघू.’

समजा, एक लाख नव्वद हजारांचं कोटेशन आलं. त्यात सिंकखालचं कपाट पार्टिकल बोर्डाचं असेल, तर फरकाचं एक कारण तिथेच सापडतं. या बोर्डाची कडेची पट्टी सुटून पाणी आत गेलं की तो फुगतो आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. मरीन प्लाय ओल बरीच सोसतो. जाळ्या कोणत्या स्टीलच्या, जीएसटी धरला आहे का, बसवण्याची मजुरी वेगळी आहे का, हेही पाहावं. मात्र दुसऱ्या कारागिराला नावं ठेवू नयेत. फरक मांडून थांबावं.

बजेटच दोन लाखांचं असेल तर दर तसाच ठेवून काम कमी करावं. लॉफ्टचे शटर नंतर केले तर बावीस हजार वाचतात, वरची कपाटं कमर्शियल प्लायमध्ये केली तर आणखी सोळा. रक्कम दोन लाख दोन हजारांवर येते. सिंकखालचा मरीन प्लाय तेवढा बदलू नये. काय सोडल्यामुळे रक्कम उतरली हे ग्राहकाला दिसतं, त्यामुळे मूळ आकड्यावरचा विश्वास टिकतो.

दोन्हींपैकी काहीच नसेल, निव्वळ सवयीने विचारलं असेल, तर घरी येऊन मापं घेण्याची वेळ ठरवावी. नमुने हातात पडल्यावर बोलणं नुसत्या आकड्यावर अडत नाही.

हिशेबात खरीच चूक असेल, तर ती लगेच कबूल करून दुरुस्त करावी. सूट द्यायचीच झाली तर मापं पक्की झाल्यावर, बदल्यात काही घेऊन द्यावी: जास्त आगाऊ रक्कम, किंवा कारागीर मोकळे असतील ती तारीख. आणि पार्टिकल बोर्ड चालेल असं ग्राहकाने समजून-उमजून ठरवलं, तर ते काम सोडून द्यावं किंवा त्याच मालाचं वेगळं कोटेशन द्यावं.